मदत हवी आहे: बाबांच्या नावावरचं पागडीचं दुकान आणि खोली, भाडेहक्क कोणाकडे जातो?

ठाण्यात नौपाड्यात जुन्या चाळीत खाली दुकान, वर खोली. दोन्ही पागडीने, भाडेपावत्या वेगवेगळ्या पण बाबांच्याच नावावर. बाबा गेले. खोलीत आई आणि मी आधीपासून राहतोय, दुकानात बाबांसोबत मीच बसायचो, गुमास्ता आणि जीएसटी मात्र त्यांच्या नावावर. मोठा भाऊ लग्नानंतर ऐरोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये, दुकानात कधी बसला नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ७(१५)(ड) वाचलं. खोलीसाठी मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणारा कुटुंबातला माणूस आणि दुकानासाठी तिथे धंदा करणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू धरतात, असा कोणी नसेल तरच इतर वारस, आणि एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. म्हणजे घर-जमिनीसारखी सरळ वाटणी इथे नाही असं मला कळतंय.

मालक म्हणतो सगळ्या वारसांचं संमतीपत्र आणा, नाहीतर पावती बदलणार नाही, भाडंही घेत नाही. मनीऑर्डर केली, ती ‘नाकारली’ शेरा मारून परत आली, पावती जपून ठेवलीय. भाऊ सही करत नाही, त्याला दुकानात हिस्सा हवाय, शिवाय बाबांनी मृत्युपत्रात दुकान दोघांना लिहिलंय.

मला भांडण नकोय, आईचं छप्पर आणि चालू धंदा टिकला पाहिजे. पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत म्हणून घाई.

भावाच्या सहीशिवाय पावती माझ्या नावावर होते का? भाडेहक्काबाबत मृत्युपत्र चालतं का? आणि मी दुकानात बसायचो हे दाखवायला गुमास्ता नसताना कोर्टात कुठले कागद टिकतात?