मदत हवी आहे: सोनं जेमतेम दोन टक्के पडलं आणि माझं खातं एक तृतीयांश रिकामं

अधीर
डोकं फिरलंय. मायक्रो गोल्डमध्ये लाँग होतो, २,६५० ला घेतलं होतं. भाव जरा खाली आला, ब्रोकरचा मार्जिन कॉल आला, मी त्याच रात्री २०० डॉलर भरले. तरी दुसऱ्या दिवशी २,६०२ ला त्यांनी परस्पर सगळं कापलं. ९६० डॉलर गेले. आज भाव २,६५५! म्हणजे माझा अंदाज बरोबरच होता. पैसे भरल्यावरही ब्रोकर असं करू शकतो का? लवकर सांगा, उद्या परत घ्यायचंय.

चष्मिष्ट
किती लॉट? खात्यात एकूण किती होते? कॉल नेमका कितीचा होता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

रानवारा
तरी म्हणतो, सोनं घ्यावं आणि कपाटात ठेवावं. कपाटाला मार्जिन कॉल येत नाही.

उलटसुलट
स्टॉपलॉस नव्हता ना? संपला विषय. मी १५ डॉलरचा स्टॉप लावल्याशिवाय ऑर्डरच टाकत नाही.

चष्मिष्ट
@उलटसुलट, सोनं एरवीच दिवसभरात तेवढं वरखाली करतं. तुमचा स्टॉप रोज उडत असेल.

उलटसुलट
उडतो. पण मी अजून जिवंत आहे.

दुपारची_झोप
मार्जिनवर व्याज किती लावतात? माझ्या शेअरच्या खात्यात मार्जिनवर घेतलं की रोजचं व्याज चढतं. तुमचे ९६० त्यातच गेले असतील.

निशाचर
@दुपारची_झोप, ते वेगळं. शेअरमध्ये ब्रोकर तुम्हाला उधार देतो, म्हणून व्याज. फ्युचर्समध्ये कुणी उधार देत नाही. मार्जिन म्हणजे अनामत, आणि नफातोटा रोज रोख वळता होतो.

@अधीर, लॉट तुम्ही सांगितले नाहीत तरी कळतात. मायक्रो म्हणजे १० औंस, भाव १ डॉलरने हलला की लॉटमागे १० डॉलर. २,६५० वरून २,६०२ म्हणजे ४८ डॉलर, लॉटमागे ४८०. तुमचे ९६० गेले, म्हणजे दोन लॉट. आता खात्यातली रक्कम आणि रात्रीचं मार्जिन सांगा.

अधीर
हो, दोनच. खात्यात ३,००० होते. त्यातले ४०० आधीच्या आठवड्यात याच दोन लॉटवर एका दिवसात कमावलेले, सोनं फक्त २० डॉलर वाढलं होतं. ब्रोकर दिवसा ३०० डॉलरला लॉट देतो, त्या हिशोबाने दोन म्हणजे काहीच नाही, दहाही घेता आले असते. रात्रीसाठी इनिशियल १,३२० आणि मेंटेनन्स १,२०० दाखवतो. पहिल्या दिवशी २,६१२ ला बंद झालं, खात्यात २,२४० उरले. मेंटेनन्स दोन लॉटचं २,४००, म्हणजे कमी पडले १६०. मी २०० भरले. जास्तच भरले ना? मग का कापलं?

काथ्याकूट
बरोबर आहे तुमचं. मेंटेनन्सच्या वर आलात की कॉल मिटतो. ब्रोकरची चूक आहे, लेखी तक्रार करा.

निशाचर
@काथ्याकूट, अर्धंच बरोबर. मेंटेनन्सच्या खाली गेलात की कॉल *येतो*, पण तो *मिटवायला* इनिशियलपर्यंत भरावं लागतं. दोन लॉटचं इनिशियल २,६४०. खात्यात २,२४०. म्हणजे ४०० भरायचे होते, आणि अधीर यांनी २०० भरले. ब्रोकरच्या दृष्टीने कॉल तसाच उघडा होता. त्यात पुढच्या दिवशी भाव आणखी १० डॉलर उतरला, २,४४० चे पुन्हा २,२४० झाले. शिवाय बहुतेक करारपत्रांत असतंच की आम्ही न विचारताही कापू शकतो.

काथ्याकूट
आमच्याकडे एकदा मेंटेनन्सच्या वर आल्यावर सोडलं होतं.

निशाचर
त्यांनी सोडलं असेल, ती त्यांची मर्जी. त्यावर हिशोब मांडू नये.

पण अधीर, २०० की ४०० हा तुमचा खरा प्रश्नच नाही. २,६५० ला दोन लॉट म्हणजे २० औंस, ५३,००० डॉलरचं सोनं, ते ३,००० वर पेललेलं. जवळजवळ १८ पट. म्हणून भाव १.८ टक्के पडला आणि खातं ३२ टक्के. आधीच्या आठवड्यात २० डॉलरात ४०० मिळाले ते याच १८ पटीमुळे, तेव्हा ती खटकली नाही. आणि ही पट जागची हलते. २,६१२ ला सोनं होतं ५२,२४० चं, खात्यात २,२४०, म्हणजे २३ पट. तुम्ही काही न करता लिव्हरेज वाढलं.

आता हेच एका लॉटवर करून बघा. दोन लॉटला ३,००० वरून २,४०० ला यायला ६०० ची जागा होती. भागिले २० औंस, ३० डॉलरची घसरण. एका लॉटला मेंटेनन्स १,२०० च, म्हणजे जागा १,८००, भागिले १० औंस, १८० डॉलर. लॉट निम्मे केले आणि तग धरायची जागा सहापट झाली. २,६०२ ला ४८० चा कागदी तोटा दिसला असता, कॉलही आला नसता आणि आज तुम्ही ५० डॉलर वर असता.

चष्मिष्ट
हे सहापट प्रकरण मलाही कधी नीट सुचलं नव्हतं. मी आपला निम्मे लॉट, निम्मी जोखीम एवढंच धरून चालायचो.

उलटसुलट
आणि ते दिवसाचे ३००? दहा लॉट घेतले असते तर १०० औंस, म्हणजे एक अख्खा मोठा करार. नाव तेवढं मायक्रो. ३० डॉलर उतरला की ३,००० साफ.

अधीर
म्हणजे एका लॉटवर मी सुरक्षित?

निशाचर
असं मी म्हटलेलं नाही. १५ एप्रिल २०१३ ला सोनं एका दिवसात ९ टक्क्यांवर पडलं. तुमच्या भावावर ९ टक्के म्हणजे २४० डॉलरच्या आसपास. तुमची जागा १८०. तेव्हा लगोलग एक्स्चेंजने मार्जिनही वाढवलं होतं, म्हणजे १,२०० हा आकडाही कायमचा नाही. नेमका भाव उसळतो-आपटतो तेव्हाच तो वाढतो. एक औंसाचाही करार आहे, शिकायला मी तोच घेईन.

उलटसुलट
अशा दिवशी स्टॉप कामाला येतो, म्हणून तर सांगतोय.

निशाचर
येतो, पण लावलेल्याच भावाला सुटेल याची हमी नाही. बाजार बंद होऊन खालीच उघडला तर जो भाव मिळेल तो. तरी असलेला बरा, एवढं मान्य.

रानवारा
कपाट.

अधीर
मेल आत्ता नीट वाचला. त्यात ४०० च लिहिलंय. मी ॲपवरचा लाल आकडा बघून भरले, तो मेंटेनन्सपर्यंतचा होता. चिडचिड होतेय पण ठीक. आता खात्यात २,२४० आहेत. एक लॉट २,६५५ ला घेतला तर मेंटेनन्सपर्यंत १,०४०, म्हणजे १०४ डॉलरची जागा, बरोबर ना?

चष्मिष्ट
बरोबर. पट किती झाली तेही काढा.

अधीर
२६,५५० भागिले २,२४०. जवळजवळ १२. हं.

दुपारची_झोप
पण मग व्याज लागतच नाही? नक्की?