मदत हवी आहे: सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांचं डिपॉझिट जुन्या दराने परत करायचं की नव्या?

विक्रोळीत काचेच्या बाटलीतल्या सोड्याची माझी छोटी एजन्सी आहे. साधारण 60 गिऱ्हाईकं, बहुतेक वडापावच्या गाड्या आणि पानवाले. एका क्रेटमध्ये 24 बाटल्या. डिपॉझिट क्रेटचं 100 रुपये आणि बाटलीचं 10 होतं, जूनपासून बाटलीचं 12 केलं. घोळ तिथूनच सुरू झाला.

एका गाडीवाल्याकडे जुन्या दराचे 5 क्रेट होते, नंतर नव्या दराने 2 दिले. म्हणजे त्याचे 1700 आणि 776 मिळून 2476 माझ्याकडे जमा. परवा त्याने 3 क्रेट परत केले, पण बाटल्या 70च, दोन कमी. जुन्या दराने 1000 द्यावे लागतात, नव्याने 1140. तो अर्थातच 1140 मागतोय!

एक्सेलमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे क्रेट आणि बाटल्या वेगवेगळ्या लिहितो, त्यामुळे नगांचा हिशोब जुळतो. डिपॉझिटही विक्रीत न धरता देणं म्हणून वेगळ्या खात्यात ठेवलंय. पण त्या खात्यात एकच आकडा आहे, कुठला नग कुठल्या दराचा ते कळत नाही. बाटल्यांवर नंबर नाहीत, त्यामुळे बारकोड सुचवू नका. टेम्पोवरची पोरं फक्त चलनावर आकडा लिहून आणतात.

आधी दिलेला माल आधी परत आला असं धरून जुना दर लावू, की गिऱ्हाईकागणिक सरासरी काढू? की सगळ्यांकडून बाटलीमागे फरकाचे 2 रुपये घेऊन एकच दर करून टाकू? असा धंदा करणाऱ्यांनी दर बदलल्यावर काय केलं?