महिन्याला 40,000 रुपये: नाव करायचं की ऑर्डरी आणायच्या?

मिरचीवाली: साताऱ्याहून घरगुती मसाले ऑनलाइन विकते. महिन्याचे 40,000 सगळे इन्स्टा आणि गूगलच्या जाहिरातींत जातात. वर्षापूर्वी एक ऑर्डर 180 ला पडायची, आता 310 ला. भाऊ म्हणतो ब्रँड कर. कुठे किती घालू?

सोलापूरकर: 60 टक्के ब्रँड, 40 टक्के विक्री. बिने आणि फील्ड या जाहिरातींच्या अभ्यासकांनी 2013 मध्येच दाखवून दिलंय. वाद कसला?

जुना एजन्सीवाला: दादा, तो आकडा ब्रिटनमध्ये आयपीए या जाहिरात एजन्सींच्या संघटनेच्या पुरस्कारांसाठी आलेल्या मोहिमांचा. त्यात बडी मंडळीच जास्त. आणि ती सरासरी आहे, धंद्यागणिक बदलते असं ते स्वतःच सांगतात.
ताई, गूगलवर तुमचंच नाव शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिरातीवर किती जातात?

मिरचीवाली: 3,000. पण तीच सगळ्यात भारी चालते! 129 पैकी 50 ऑर्डरी तिथून, 60 रुपयांत एक.

जुना एजन्सीवाला: गोम तिथेच आहे. नाव टाइप करणारा तुम्हालाच शोधत आला होता. त्या 50 बाजूला काढा. उरले 37,000 आणि 79 ऑर्डरी, म्हणजे एक 468 ला. ईबेने 2012 मध्ये स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद करून पाहिल्या, तर जवळपास सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. अर्थात तुमच्या नावावर दुसरा कोणी जाहिरात लावत असेल तर गणित बदलेल. दोन आठवडे बंद ठेवून बघा.

कुरडईवाले काका: आम्ही स्टँडसमोरची भिंत रंगवली. वर्षभर कोणी फिरकलं नाही, मग लोक नाव घेऊन मागायला लागले. इन्स्टाला भिंत असते का?

हिशोबी: काका, भिंतीला वर्षभर पोसायला पैसा लागतो. ताई, कुरिअर-पॅकिंग जाऊन ऑर्डरमागे उरतं किती?

मिरचीवाली: साधारण 240.

हिशोबी: मग नव्या गिऱ्हाइकावर पहिल्याच ऑर्डरला सव्वादोनशेचा खड्डा. ब्रँड राहू द्या, जुन्यांना मसाला संपायच्या सुमारास व्हॉट्सॅप करा. तो खड्डा दुसऱ्या ऑर्डरीनेच भरेल.

जुना एजन्सीवाला: व्हॉट्सॅप कराच. पण जुनी गिऱ्हाइकं आटत जातात, नाव ऐकलेले नवे लोकच नसतील तर पुढच्या वर्षी 468 चे 600 होतील. मी 12,000 बाजूला काढेन आणि ते फक्त एका जिल्ह्यात घालेन: एकच व्हिडिओ, तेच पाकीट, सहा महिने. महाराष्ट्रभर पसरलात तर कोणाला दोनदाही दिसणार नाही. फोन, व्हॉट्सॅप, वेबसाइट सगळ्या ऑर्डरी पिनकोडने मोजा आणि तसल्याच दुसऱ्या जिल्ह्याशी ताडून बघा. मागच्या महिन्याशी नको. एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला करायचा हंगाम, तेव्हा ऑर्डरी तशाही वाढतात.

हिशोबी: सहा महिन्यांत 72,000 गेले आणि फरक दिसला नाही तर?

जुना एजन्सीवाला: तर गेले. एवढ्या थोड्या ऑर्डरींत लहानसा फरक दिसणारही नाही, हेही खरं.

मिरचीवाली: नावाची जाहिरात आज बंद केली. जिल्ह्याचं भावाशी बोलून ठरवते. तो कोल्हापूर म्हणेल, तिथे तर घरोघरी मसाला कुटतात!