कव्हर लेटरात पुढचं ध्येय लिहायचं की गिळायचं?

कांदिवलीकर: माझं स्पष्ट मत, कव्हर लेटरात पुढचं ध्येय लिहूच नका. लिहिलं की एचआरला वाटतं हा टिकणार नाही. 'आपल्या प्रतिष्ठित संस्थेत दीर्घकाळ सेवा करण्याची इच्छा आहे' एवढं बास, बाकी इंटरव्ह्यूत बघू.

मीनल_मुलुंड: हे वाचून राहवलं नाही. 'प्रतिष्ठित संस्था' ज्या लेटरात असते त्यात निम्म्या वेळा संस्थेचं नावसुद्धा दुसऱ्याच कंपनीचं राहिलेलं असतं. मी अंधेरीला एका फ्रेट फॉरवर्डिंगवाल्यांकडे अकाउंट्सची माणसं निवडते. मागे एक्झिक्युटिव्हची जागा होती. एका मुलाने लिहिलेलं, 'सीए फायनल होऊन स्वतःची प्रॅक्टिस काढायची आहे.' छान आहे रे, पण आम्हाला त्यात एवढंच दिसलं की शिकवायचं आम्ही आणि पास झाला की हा चालला. दुसरी मुलगीही सीए इंटरच. तिने लिहिलं, 'पहिल्या वर्षात जीएसटीच्या २बीशी परचेस रजिस्टर जुळवायचं रिको पूर्ण माझ्याकडे घ्यायचंय, दोन-तीन वर्षांत जीएसटीचं सगळं काम आणि मंथ एंड क्लोजिंग एकटीने सांभाळायचंय.' २बी, म्हणजे व्हेंडरनी भरलेल्या बिलांचं स्टेटमेंट, येतं १४ तारखेला, ३बी रिटर्न भरायचं २० पर्यंत, मधल्या दिवसांत आमच्याकडे व्हेंडरला फोन लावून लावून गळे बसतात, बिल आहे पण क्रेडिट दिसत नाही म्हणून. हे तिला माहीत होतं हे त्या एका वाक्यात कळलं. तिचं ध्येय म्हणजे आमच्याच कामाची पुढची पायरी होती. ती थांबेल की नाही हा प्रश्न मग डोक्यातच आला नाही.

ठाणेकर_टॅली: म्हणजे ताई, परीक्षा दोघंही देणार, खरं बोलला तो बाहेर आणि लपवलं ती आत. वा!

मीनल_मुलुंड: लपवलं कुठे? सीव्हीत सरळ होतं, 'फायनलची तयारी चालू'. इंटरव्ह्यूत तिनेच विषय काढला. आता फायनल जानेवारी, मे, सप्टेंबर अशी तीनदा होते ना, तर म्हणाली मे ला बसणार, सप्टेंबरला टॅक्स ऑडिटच्या गर्दीत रजा मागणार नाही. लेटरात ध्येय लिहायचं ते या जागेपुरतं, अख्खा जन्म नाही मांडायचा.

विरार_लोकल: टिकण्याच्या गप्पा कंपन्यांनी मारूच नयेत! आमच्याकडे नोटीस पिरियड ९० दिवस, आपण सोडायचं तर, त्यांना काढायचं तर संध्याकाळी मेल आणि सकाळी कार्ड बंद. नवीन ऑफर ३० दिवसांत जॉइन व्हा म्हणते, जुना रिलीव्हिंग लेटर अडवून बसतो, मधल्या मध्ये माणूस लटकतो. माझ्या मित्राची ऑफर अशीच गेली, आणि वर हे विचारणार पाच वर्षांनी कुठे असाल??

ठाणेकर_टॅली: +१. आणि बायआउट मागितला तर बेसिकवर नाही, ग्रॉसवर लावतात.

विरार_लोकल: काही जण तर उरलेल्या रजाही नोटीसमध्ये धरू देत नाहीत. त्यावर लिहा कोणीतरी लेटर.

मीनल_मुलुंड: नोटीसचा वेगळा धागा काढा बाबांनो. राग बरोबर आहे, पण तो लेटरात ओतून काय मिळणार?

विरार_लोकल: एचआरवाले असंच म्हणतात.

मीनल_मुलुंड: मी एचआर नाही, अकाउंट्सला आहे!! नीट वाचत जा.

गिरगावकर_काका: सीव्हीच्या डोक्यावरची ती ऑब्जेक्टिव्हची ओळ काढून टाका असं मी माझ्या भाच्याला कधीच सांगितलंय. जागा खाते नुसती.

मीनल_मुलुंड: काका, विषय लेटरचा आहे. ओळ मात्र काढाच.

सेल्सवाली_सानपाडा: इतकं जपून लिहिलं की माणूस मिळमिळीत वाटतो. मी लिहिलेलं, 'दोन वर्षांत एरिया मॅनेजर व्हायचंय', लगेच घेतलं.

मीनल_मुलुंड: सेल्समध्ये चालतं, मान्य. तिथे वरच्या जागा असतात आणि टार्गेट केलं की मिळतात. आमचं अकाउंट्स चार माणसांचं. तिथे 'फायनान्स हेड व्हायचंय' लिहिलं तर वाचणारा साहेब म्हणतो ही माझीच खुर्ची मागतेय, आणि ती मिळणार नाही म्हणजे वर्षात सोडणार.

कांदिवलीकर: बरं बाई, तुमचंच खरं. पण मी अप्लाय करतोय ती दादरची छोटी फर्म, क्लोजिंग स्वतः मालक करतात, कोणाला हात लावू देत नाहीत. तिथे कुठली पायरी लिहू, मालकाची?

मीनल_मुलुंड: पदाचं नाव घेऊच नकोस, मालकाच्या डोक्यावरचं ओझं लिही. 'टीडीएस दर महिन्याच्या ७ च्या आत आणि बँक रिको माझ्याकडून वेळेवर व्हावं, वर्षभरात क्लोजिंगची सगळी शेड्यूल्स तयार होऊन तुमच्या टेबलावर यावीत.' क्लोजिंग त्यांचंच राहिलं, शिकायला तुला मिळालं.

ठाणेकर_टॅली: आणि पगार तोच राहिला.

कांदिवलीकर: लिहितो. 'प्रतिष्ठित' मात्र ठेवणार, मालक जुन्या वळणाचे आहेत.

विरार_लोकल: नोटीस किती दिवसांची ते विचारून घे आधी.