पेज ऑफ स्वॉर्ड्स आणि नाइट ऑफ वाँड्स

> ‘मी निपाणीत, तो बेळगावात. रात्री मेसेजचा पाऊस, मग दोन दिवस गप्प. टॅरोत माझ्यासाठी पेज ऑफ स्वॉर्ड्स, त्याच्यासाठी नाइट ऑफ वाँड्स आलं. काय समजू?’

ताई, रायडर-वेट संचातलं पेजचं चित्र नीट बघा. तलवार दोन्ही हातांत आहे, पण मान वळलेली, नजर भलतीकडेच. ही तुमची बाजू. लास्ट सीन बघणं, जुने मेसेज पुन्हा वाचणं, आडून प्रश्न टाकून त्याचा अंदाज घेणं. नाइटचा घोडा पुढचे पाय उचलून उभा आहे. आवेश खरा असतो, त्याला खोटारडा म्हणू नका. पण तो टिकेलच असं हे पान सांगत नाही. तलवारी म्हणजे वारा, वाँड्स म्हणजे आग. तुमच्या प्रत्येक खोचक प्रश्नाने तो आणखी पेटतो, म्हणून रात्री एवढी रंगत चढते. कप्स म्हणजे पाणी, पेंटॅकल्स म्हणजे माती; त्यांतलं मात्र एकही पान नाही, म्हणजे ओलावा आणि जमीन या दोन पानांत दिसत नाही.

म्हणून आडून विचारणं सोडा. ‘रविवारी अकराला खडेबाजारात भेटूया’ असं सरळ लिहा. वेळ ठरवून आला तर घोडा खरंच निघाला. नुसताच गोड मेसेज आला, तर त्याची धाव फोनपुरतीच समजा.