‘एलसी काढावी’ की ‘एलसी उघडावी’? हळदीच्या पत्राचा मराठी मसुदा

कृष्णाकाठ
सांगलीजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी कार्यालयाचं काम बघते. दुबईच्या खरेदीदाराला १८ टन हळकुंड द्यायचं ठरलंय. त्याने आधी एलसी द्यावी, असं पत्र पाठवायचंय. पत्र इंग्रजीतच जाईल, पण संचालक मंडळापुढे मराठी मसुदा ठेवावा लागतो, कारण सही करणाऱ्यांना कळायला हवं आपण काय मागतोय. मी लिहिलं, ‘आपण आपल्या बँकेमार्फत आमच्या नावे एलसी काढावी.’ अध्यक्षांनी ‘उघडावी’ असं दुरुस्त केलं. सभेत एकाने विचारलं, उघडायची म्हणजे पाकीट आहे का? योग्य क्रियापद कोणतं? आणि ‘इर्रिव्होकेबल’, ‘ॲट साइट’, ‘अबाउट’ यांना मराठीत काय लिहू?

रोहिणी_माधवनगर
ताई, एलसी शाळेतून ‘काढतात’. आम्ही मुलीची गेल्या वर्षी काढली. अर्ज आणि फीची पावती लागते.

कृष्णाकाठ
रोहिणीताई, ती शाळा सोडल्याच्या दाखल्याची एलसी. ही बँकेची, लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद दिले की खरेदीदाराची बँक आपल्याला पैसे द्यायची हमी देते. पण सभेतही दोघांना तेच वाटलं होतं, म्हणून तर ‘काढावी’ मला खटकायला लागलं.

शब्दनिष्ठ_मिरज
मग ‘एलसी’ हा शब्दच सोडा. ‘पतपत्र’ लिहा. बाजारात पत असते, पत जाते, पतपेढी असते, सगळं मराठीच आहे. हिंदीतलं ‘साखपत्र’ मात्र आणू नका. आणि इर्रिव्होकेबल म्हणजे ‘अपरिवर्तनीय’. वाक्य असं करा: ‘अपरिवर्तनीय पतपत्र द्यावे.’ उघडण्या-काढण्याचा प्रश्नच मिटला.

बेदाणावाला_तासगाव
यार्डात ‘पतपत्र’ म्हटलं तर पतसंस्थेचा कागद समजतील. आम्ही वीस वर्षं ‘एलसी आली का?’ एवढंच विचारतो. शब्दांपेक्षा नगाकडे लक्ष द्या. माझ्या एका एलसीत बेदाण्याची खोकी मोजून लिहिली होती, वर माल एकाच खेपेत यायला हवा अशी अट. निवडीत थोडा माल बाजूला पडला, बारा खोकी कमी गेली. समोरच्या बँकेने कागद अडवले. खरेदीदार म्हणाला, भाव कमी करा, मग मंजूर करतो. माल बंदरात पोचलेला, करणार काय? केला कमी.

हरिपूरकर
आपल्याकडे हे सगळे शब्द होतेच. हरिपूरच्या पेवांत हळद असायची तेव्हापासून हुंडीवर व्यवहार चालत. ॲट साइट म्हणजे ‘दर्शनी’. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती हुंडीला ठरल्या दिवसांनी. तसंच दर्शनी एलसी, मुदती एलसी. आणि माल पोचला तरच पैसे द्यायची ती जोखमी हुंडी. तुमची एलसी ही त्या जोखमी हुंडीचीच धाकटी बहीण.

विश्रामबागकर
मी बँकेत परकीय व्यवहाराच्या टेबलावर बरीच वर्षं होतो. हरिपूरकरकाका, ‘दर्शनी’ अगदी चपखल आहे, मसुद्यात तोच घ्यावा. फक्त दाखवल्या क्षणी पैसे मिळत नाहीत. कागद पोचले की तपासायला बँकेला कामकाजाचे पाच दिवसांपर्यंत मिळतात. जोखमी हुंडीचं नातं मात्र मला मान्य नाही. तिथे माल सुखरूप पोचण्यावर पैसे अवलंबून. एलसीत बँक माल बघतच नाही, फक्त कागद बघते. हळद उत्तम पोचली आणि कागद चुकले तर पैसे अडतात. म्हणूनच पत्रातल्या अटी शब्दाशब्दाने तपासायच्या.

मिरजकरांचं ‘अपरिवर्तनीय’ अर्थाने चुकतं. एलसीत बदल होतो, नेहमी होतो. एलसी देणारी बँक, हमी जोडणारी दुसरी बँक असेल तर ती, आणि माल विकणारा, असे सगळे तयार असले की झालं. एकट्या खरेदीदाराला किंवा त्याच्या बँकेला ती बदलता वा रद्द करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘एकतर्फी रद्द न होणारी’ म्हणा. युसीपी ६०० हे एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांखालची एलसी तसं न लिहिताही अशीच धरली जाते, तरी पत्रात मागावं.

शब्दनिष्ठ_मिरज
साहेब, चार शब्दांचा एक शब्द करणं हेच तर परिभाषेचं काम. ‘अपरिवर्तनीय’ रुळला की त्याचा अर्थही रुळेल.

बेदाणावाला_तासगाव
रुळेपर्यंत सही करणाऱ्याने काय समजायचं?

कृष्णाकाठ
‘अबाउट’चं सांगा ना. मी ‘सुमारे १८ टन’ लिहिलंय. एक संचालक म्हणतात, असं ढिलं लिहू नका, आपण बेभरवशाचे वाटू.

विश्रामबागकर
उलट, तो एलसीतला फार नेमका शब्द आहे. ‘अबाउट’ किंवा ‘ॲप्रॉक्सिमेटली’ ज्या आकड्याला लावाल त्याला १० टक्के कमी-जास्त चालतं. पण त्याच आकड्याला. समजा भाव टनाला १,८०० डॉलर, म्हणजे एकूण ३२,४०० डॉलर. ‘सुमारे’ फक्त वजनाला लावलं आणि साडेअठरा टन भरलं, तर बिल ३३,३०० चं होतं. वजन चालेल, पण रकमेला ‘सुमारे’ नसल्याने वरचे ९०० डॉलर त्या एलसीतून मिळणार नाहीत. म्हणून दोन्हीकडे मागा.

शब्द नसला तर वजनाला ५ टक्के सूट आपोआप असते, रक्कम ओलांडली नाही तर. म्हणजे पॉलिश आणि चाळणीनंतर १७.६ टनच भरलं तरी निभावतं. पण एलसीत ‘५० किलोची ३६० पोती’ असं आलं की ही सूट गेली. मग ३५२ पोती म्हणजे आठ पोती कमीच. तासगावच्या भाऊंचं तेच झालं. एकाच खेपेची अट नसती तर ती खोकी कमी जाऊनही चाललं असतं, कारण मना केलेलं नसेल तर तुकड्यातुकड्याने माल पाठवता येतो. तेव्हा पत्रात लिहा: माल टनात, पोत्यांची संख्या एलसीत नको, वजन व रक्कम दोन्हींपुढे ‘अबाउट’, तुकड्याने पाठवायला परवानगी.

बेदाणावाला_तासगाव
हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. बँकेत फक्त म्हणाले, ‘डिस्क्रिपन्सी आहे.’

हरिपूरकर
मग ‘सुमारे’ नको, ‘अंदाजे’ म्हणा. अंदाजात दोन्ही बाजू येतात. ‘सुमारे’ म्हणजे जवळपास तेवढंच.

शब्दनिष्ठ_मिरज
नाही पटत. ‘सुमार’ म्हणजेच अजमास. आणि ‘अंदाजे’ म्हटलं की मोजलंच नाही असं वाटतं.

कृष्णाकाठ
मसुद्यात मी ‘सुमारे (१० टक्के कमी-जास्त)’ असं लिहिते, मग दोन्ही अर्थ बंद. क्रियापदाचं मात्र राहूनच गेलं.

विश्रामबागकर
‘उघडावी’ला माझी हरकत नाही, खातं उघडतो तशी. त्यापेक्षा एक गोष्ट विसरू नका. मुदत कधी संपते याबरोबर कुठे संपते तेही मागा. दुबईतल्या बँकेत संपत असेल तर त्या तारखेआधी कागद तिथे पोचायला हवेत, कुरियरचे दिवस तुमच्या खात्यात. ‘भारतात, आमच्या बँकेत’ असं लिहून घ्या. आणि जहाजात माल चढल्यापासून कागद द्यायला २१ दिवस मिळतात, पण एलसीची मुदत त्याआधी संपली तर तीच धरतात. न्हावाशेव्याहून जहाज पुढे ढकललं गेलं तर मधे जागा हवी. शेवटच्या जहाजाची तारीख आणि मुदत यांत पुरते २१ दिवस ठेवायला सांगा.

रोहिणी_माधवनगर
ताई, सभेत ‘बँकेची एलसी’ असंच म्हणत राहा. शाळेच्या एलसीशी गोंधळ व्हायचा नाही.

शब्दनिष्ठ_मिरज
किंवा ‘पतपत्र’.