शिफारसपत्र की संदर्भपत्र?

ऐरोलीकर: अमेरिकेत एमएससाठी अर्ज करतोय. ठाण्याच्या कॉलेजातल्या सरांना मराठीत मेल लिहायचाय. 'शिफारसपत्र' म्हणू की 'संदर्भपत्र'? शिफारस म्हटलं की वशिला आठवतो.

कोपरीकर: संदर्भपत्रच लिहा. शिफारस हा फारसीतून आलेला शब्द, त्याचा अर्थच 'आपला माणूस आहे, जरा बघा'.

नौपाडा-प्राध्यापिका: फारसीतून आला हे खरं. पण समिती शासनाला शिफारशी करते, त्यात कुठला वशिला? उलट कार्यालयीन पत्रात 'संदर्भ' म्हणजे आधीच्या पत्राचा क्रमांक. सर विचारतील, कसला संदर्भ? शिफारसपत्रच म्हणा, पण कशाच्या जोरावर मागताय ते लिहा. मोघम मेल आला की कुठलाही शब्द वशिल्यासारखाच वाटतो. मी असं लिहीन:

"सर, तिसऱ्या वर्षाला डेटाबेस हा विषय मी आपल्याकडे शिकलो. आपल्याच मार्गदर्शनाखाली आम्ही चौघांनी बसच्या वेळापत्रकाचा प्रकल्प केला. त्यात थांब्यांची माहिती गोळा करून तक्त्यांची रचना मी केली होती. त्या कामाच्या आधारे आपण मला शिफारसपत्र देऊ शकाल का? तीन विद्यापीठांना ते हवं आहे, पहिली मुदत 15 डिसेंबर. विद्यापीठाकडून आपल्या मेलवर लिंक येईल, पत्र तिथेच अपलोड करायचं असतं. गुणपत्रिका, बायोडेटा आणि एसओपीचा मसुदा जोडला आहे."

'द्यावे ही विनंती' नको, 'देऊ शकाल का' बरं. सरांना नाही म्हणायला वाट राहते. भिडेखातर दिलेल्या पत्रात 'नियमित व प्रामाणिक विद्यार्थी' याच्या पुढे काही नसतं. आणि हे मुदतीच्या महिना-दीड महिना आधी पाठवा, परीक्षांच्या दिवसांत कुणाला सवड नसते.

घणसोली_राहिवासी: एवढं कशाला? महाप्याच्या माझ्या जुन्या कंपनीत एचआरने एका दिवसात पत्र दिलं. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, शिक्का.

नौपाडा-प्राध्यापिका: ते अनुभवपत्र. तुम्ही तिथे होतात एवढंच ते सांगतं, काम कसं केलंत ते नाही. ते ज्या साहेबांच्या हाताखाली काम केलंत तेच लिहू शकतात. काही कंपन्या लेटरहेडवर असं लिहू देत नाहीत, म्हणून त्यांना आधीच विचारून घ्यावं.

ऐरोलीकर: मेल आजच पाठवतो. पण माझ्या मित्राला त्याचे सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." अर्जात तर 'हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो' यावर त्याने टिक केलंय.

कोपरीकर: सगळे तसंच करतात.

नौपाडा-प्राध्यापिका: म्हणून तर एकाच अर्जातली दोन पत्रं एकाच हातची निघतात, तीच वाक्यं, तीच विशेषणं. वाचणाऱ्याला ते कळतं. त्याने पत्र नाही, मुद्दे द्यावेत: काय काम केलं, कुठे अडलं, ते कसं सोडवलं. वाक्यं सरांची असू देत.

ऐरोलीकर: आणि सर म्हणाले, मुद्दे नकोत, पत्रच आण, तर?

कोपरीकर: तर दुसरे सर शोधायचे. पण प्रकल्प ह्याच सरांकडे केला असेल तर अवघड आहे.